पतियाळाचं कापड जातं कुठे?

साध्या सलवारीला सव्वादोन मीटर पुरतं, मग पतियाळाला शिंपीमामा तीन-चार मीटर का मागतात? पंजाबातल्या पतियाळा शहराचं नाव मिरवणाऱ्या या सलवारीत कापड खपतं ते लांबीत नव्हे, चुण्यांत.

38 इंच लांबी आणि 42 इंच घेराचा बेल्ट धरू. बेल्ट 8 इंचांचा, म्हणजे खालचा भाग शिलाई-दुमडीसह 33 इंच. प्रत्येक पायाला मध्ये 14 इंचांची सरळ पट्टी आणि दोन्हीकडे एकेक कळी, वर 42 इंच रुंद, खाली फक्त 2. शिलाई वजा जाता वरचा घेर भरतो 95 इंच. बेल्टवर त्याला जागा मात्र 21 इंच! उरलेलं कापड जेमतेम अठरा चुण्यांत, प्रत्येकी चार इंच, दडपावं लागतं. शिवाय कळीची तिरकी कड 52 इंच असते, तर पायाची आतली बाजू त्याहून कितीतरी कमी. हे जास्तीचं कापड मोहरीपाशी अडतं आणि वर लाटांसारखं झुलतं.

आता बचत. 44 इंच पन्ह्याचे 33 इंच लांबीचे दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकावर एक पसरा आणि तिरकी रेघ मारून एकदमच कापा. एक कळी सरळ, दुसरी उलटी, अशा चारही कळ्या मिळतात आणि डाव्या-उजव्याची जोडीही आपोआप जमते. चारही एकाच दिशेने कापल्या तर नुसत्या कळ्यांनाच 132 इंच लागतात. इथे 66 पुरतात. पट्ट्यांना 33 आणि बेल्टला 11 धरून एकूण 110 इंच, म्हणजे 2.8 मीटर.

एवढ्या तिरक्या कळीला आसनासाठी सरळ कड उरत नाही. ती कळीतच ठेवायची तर प्रत्येक जोडीला सहा इंच वाढवावे लागतात, म्हणजे एकूण बारा. त्यापेक्षा पट्ट्यांशेजारी 16 इंच रुंदीचा तुकडा उरलेला असतोच, त्यातून 7 इंचांचा चौकोन कापा. हिंदीत याला मियानी म्हणतात. पुढून-मागून दोन्ही पायांच्या कळ्या वरून सहा इंच एकमेकींना जोडा, मग चौकोनाची एकेक बाजू एकेका कळीला लावा. चौकोन पतंगासारखा बसला की त्याचा कर्ण उरेब येतो आणि मांडी घालताना कापड थोडं ताणतं. कोपऱ्याआधी अर्धा इंच शिलाई थांबवून गाठ पक्की करा, नाहीतर तिथे गोळा येतो. कळीच्या उरेब कडेला आधीच एक साधी टीप घाला. ती न घातल्यास कड ताणते, आसन लोंबतं.

फुलापानांचं एकदिशी छापील कापड असेल तर ही युक्ती चालत नाही, निम्म्या कळ्यांत फुलं उलटी दिसतात. त्यासाठी साडेचार मीटर घ्या. बाकीच्यांनी तीन मीटर घेऊन आधी पाण्यातून काढावं.