प्लॅन मध्येच बदलला, बिल का फुगलं?

ब्रॉडबँडचं भाडं अनेकदा आगाऊ आकारतात. समजा, तीस दिवसांच्या महिन्यात ४५० रुपयांचा प्लॅन सोडून तुम्ही १६ तारखेपासून ७५० चा घेतला. पुढच्या बिलात जुन्या प्लॅनच्या न वापरलेल्या १५ दिवसांचे २२५ रुपये वजा दिसतात, नव्याच्या १५ दिवसांचे ३७५ जमा होतात आणि वर पुढच्या महिन्याचे आगाऊ ७५० येतात. एकूण ९००, १८ टक्के जीएसटीसह १,०६२. ही फसवणूक नव्हे. त्याच्या पुढचं बिल ८८५ वर येतं. मात्र वजावटीची ओळच नसेल, तर तक्रार जरूर करा.

स्वस्त प्लॅन घेताना उरलेली रक्कम बहुधा रोख मिळत नाही, पुढच्या बिलात वळती होते. कित्येकदा तो बदल पुढच्या बिलचक्रापासूनच लागू होतो. तारीख आधी विचारून घ्या.