पॅनेलचं दार उघडं का राहतं?

मे महिन्यात दुपारी दोन-तीनच्या सुमारास कुठल्याही छोट्या कारखान्यात डोकावलं तर एक दृश्य हमखास दिसतं. मशीनशेजारी उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाचं दार सताड उघडं असतं आणि त्याच्यापुढे पेडेस्टल फॅन घरघरत असतो. हे कपाट म्हणजे कंट्रोल पॅनेल. मोटारी चालू-बंद करणारे कॉन्टॅक्टर, त्यांचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, चोवीस व्होल्टचा पुरवठा, पीएलसी, सगळं त्यात बसवलेलं असतं. माझा पॅनेल बांधायचा धंदा आहे, त्यामुळे त्या फॅनकडे पाहिलं की मला थोडं अपराधी वाटतं. तो फॅन कामगाराने आणलेला असला तरी त्याला तो आणायला लावलेला असतो पॅनेलवाल्याने.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत मी असाच जाऊन उभा राहिलो होतो. वाळू कालवणाऱ्या मिक्सरचं आणि पट्ट्याचं पॅनेल, वर्षभरापूर्वी आमच्याच शेडमधून गेलेलं. मिस्त्री म्हणाले, “साहेब, दार लावलं की अर्ध्या तासात ड्राइव्ह ट्रिप होतो. उघडं ठेवलं की चालतो. मग आम्ही काय करायचं?” सकाळच्या पाळीला कधीच ट्रिप नाही, रात्री नाही, फक्त दुपारी. एवढ्यावरूनच निदान होतं. बिघाड विजेचा असता तर त्याने घड्याळ पाहिलं नसतं.

आता त्या कपाटात उष्णता येते कुठून? ड्राइव्ह मोटारीला जेवढी वीज देतो, त्यातली साधारण तीन टक्के तो स्वतःच उष्णतेच्या रूपात सोडतो. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. त्या पॅनेलमध्ये एक १५ किलोवॅटचा आणि एक ७.५ किलोवॅटचा ड्राइव्ह होता. म्हणजे ४५० अधिक २२५, एकूण ६७५ वॅट. बाकीचे कॉन्टॅक्टर, ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय मिळून सव्वाशे धरा. झाले ८०० वॅट. बंद कपाटात कपड्यांची इस्त्री चालू ठेवून दार लावण्यातलाच प्रकार, आणि तोही दिवसभर.

ही उष्णता बाहेर पडायला पत्र्याच्या भिंतींखेरीज दुसरी वाट नसते. रंगवलेल्या पोलादी पत्र्याचा हिशोब साधारण असा धरतात: आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटर पत्रा साडेपाच वॅट बाहेर टाकतो. पण सगळा पत्रा सारखा कामाचा नसतो. भिंतीला टेकलेली पाठ निम्मीच मोजायची, मोकळा माथा मात्र दीडपटीच्या जवळ, कारण गरम हवा वर चढते आणि सर्वांत तापलेला पत्रा तोच असतो. तळ धरायचाच नाही. आमचं कपाट ८०० मिलिमीटर रुंद, १८०० उंच, ४०० खोल आणि भिंतीला लावलेलं. अशा हिशोबाने कामाचा पत्रा येतो ३.७६ चौरस मीटर. साडेपाचने गुणलं की दर अंशाला सुमारे २०.७ वॅट. आठशेला त्याने भागा: जवळजवळ ३९. म्हणजे बाहेर ४० अंश असताना आत सरासरी ७९ अंश.

बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांच्या हवेसाठी बनवलेले असतात. ५० पर्यंत चालतात, पण पूर्ण ताकदीने नाही. साधारणपणे दर अंशामागे एक टक्का क्षमता सोडावी लागते. ७९ चा आकडा त्यांच्या पुस्तकातच नसतो. त्यांच्या आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर त्याआधीच झिजू लागतात. जुना ठोकताळा असा की दर दहा अंश वाढीला कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. ट्रिप झालेला ड्राइव्ह त्या मानाने भाग्यवान, तो बोलून तरी दाखवतो. ट्रिप न होता मुकाट तापत राहिलेला ड्राइव्ह तिसऱ्या वर्षी एकदम जातो आणि तेव्हा दोष वीजपुरवठ्यावर ढकलला जातो.

हे पॅनेल पाठवताना आम्ही हा हिशोब केलाच नव्हता. ग्राहकाने मागणी केली होती ‘आयपी ५५ पाहिजे’ अशी, आम्ही आयपी ५५ चं कपाट घेतलं आणि सामान भरलं. कपाट घट्ट, म्हणजे चांगलं. इथेच चूक झाली.

आयपीचे दोन आकडे काय सांगतात, ते नीट पाहिलं पाहिजे. पहिला आकडा घन पदार्थांबद्दल, दुसरा पाण्याबद्दल. पहिला पाच असेल तर धूळ थोडी शिरली तरी आतल्या कामात अडथळा येणार नाही, सहा असेल तर अजिबात शिरणार नाही. ही चाचणी टाल्कम पावडरने करतात, आपल्या घरात डबीत असते तीच. बंद खोलीत पावडर उडवत ठेवतात आणि नंतर कपाट उघडून पाहतात. दुसरा आकडा चार असेल तर कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील, पाच असेल तर नळीचा फवारा चालेल. या आकड्यांत उष्णतेचा कुठेही उल्लेख नाही. उलट, कपाट जितकं घट्ट तितकी आतली हवा अडकलेली. धुळीने मारू नये म्हणून आपण बंद करतो, आणि मग ते आपल्याच उष्णतेने मरतं.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो फिल्टर फॅनचा. दारात खाली फॅन, वर जाळी, दोन्हींना फिल्टरची चटई. (फॅन खालीच हवा आणि त्याने हवा आत ढकलली पाहिजे. वर एक्झॉस्ट लावून ओढून घेतली तर आत ओढ तयार होते आणि दाराच्या प्रत्येक फटीतून धूळ आत येते.) फॅन किती मोठा, याचं सूत्र सोपं आहे: वॅटला ३.१ ने गुणायचं आणि आत-बाहेरच्या मान्य फरकाने भागायचं, उत्तर तासाला घनमीटरमध्ये. बाहेर ४०, आत ५० चालेल असं धरलं, तर पत्रा स्वतः २०७ वॅट टाकतो, उरलेल्या ५९३ साठी तासाला १८४ घनमीटर हवा लागते. हा फॅन बाजारात सहज मिळतो. पण आत ४५ च्या वर जायचंच नाही म्हटलं की फरक पाचच अंशांचा उरतो आणि गरज जाते ४३२ घनमीटरवर. फरक निम्मा केला, तर फॅन दुपटीहून मोठा लागला. आणि फरक शून्य केला तर कितीही मोठा फॅन पुरणार नाही, कारण फॅन बाहेरचीच हवा आत फिरवतो. बाहेरच्यापेक्षा थंड करणं त्याच्या हातात नाही.

आता चटईचा भाग. फॅनच्या पेटीवर छापलेला प्रवाह बहुधा मोकळ्या फॅनचा असतो, फिल्टर लावलेला आकडा बारीक टाइपात असतो. शिवाय फाउंड्रीतली धूळ साधी नव्हे. ओल्या वाळूच्या साच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची पूड मिसळतात. काळी, चिकट भुकटी हवेत तरंगत असते. तिथल्या मिस्त्रींना विचारलं, चटई किती दिवस टिकेल? ते म्हणाले, “चार दिवस. आणि पाचव्या दिवशी आम्ही ती काढून टाकू.” इतकं प्रामाणिक उत्तर मला कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळालं नव्हतं. चटई तुंबून प्रवाह निम्म्यावर आला तर आमच्या त्याच पॅनेलमध्ये ५० चे ५६ होतात. चटई काढली, तर कार्बनची पूड थेट ड्राइव्हच्या बोर्डावर, आणि कार्बन विजेला वाट देतो. शिवाय पत्र्यात फॅनची खिडकी कापली की कपाटाचं आयपी ५५ संपलं. आता त्या खिडकीवरच्या फॅनचं जे मानांकन, ते सगळ्या पॅनेलचं. बहुतेकदा ते आयपी ५४ असतं, तेही चटई जागेवर असेल तरच.

दुसरा पर्याय हवेतून हवेत उष्णता देणाऱ्या एक्स्चेंजरचा. आतली हवा आतच फिरते, बाहेरची बाहेरच, मध्ये फक्त पातळ पत्रा. धूळ आत येत नाही. पण तोही बाहेरच्यापेक्षा थंड करू शकत नाही. आत ५० चालवून घेतलं असतं, तर दर अंशाला ६० वॅट नेणारा एक्स्चेंजर पुरला असता. मला मे महिन्यात ड्राइव्हची क्षमता सोडायची नव्हती, म्हणून तो मार्ग सोडला. जिथे शेड थंड असते, तिथे मी तोच लावतो.

उरला पॅनेलचा एसी. आत ३५ ठेवायचे, बाहेर ४०. इथे हिशोब उलटा होतो: आता पत्रा मदत करत नाही, बाहेरची उष्णता आत आणतो, पाच अंशांसाठी सुमारे १०३ वॅट. म्हणून एसीला ८०० नाही तर ९०० वॅट काढावे लागतात. एसीवर छापलेली क्षमता बहुधा आत-बाहेर ३५ अंशांसाठी असते, बाहेर ४० असताना ती घटते. म्हणून थोडा मोठा घेतला. बाहेरच्या बाजूची जाळी इथेही तुंबते, पण ती तुंबली तरी काळी पूड आत जात नाही. आठवड्याला झटकली की झालं.

एसी बसवून गेलो. जुलैत फोन आला: पॅनेलमध्ये पाणी. गेलो तर कुणीतरी सेटिंग घरच्या एसीसारखं २० वर आणून ठेवलं होतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की थोड्याशा गार पत्र्यावरही दव धरू शकतं. थंडगार पॅनेलचं दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत गेली आणि टर्मिनलवर थेंब. दार उघडताच एसी बंद करणारा स्विच आम्ही लावला होता, पण आधीच गार झालेल्या तांब्याला तो काय करणार? सेटिंग ३५ वर आणून मी त्यावर रंगाने खूण केली. सामानाला गारवा नको असतो, तापमान मर्यादेत असलं की पुरतं.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट दिसली. पॅनेलच्या तळाच्या ग्लँड प्लेटवर एक नवीन केबल, आणि तिच्या भोवती रिकामं भोक. कुणी सेन्सर वाढवताना ग्लँड लावायचा राहिला होता. भोकाच्या वरच्या बाजूला आतल्या पत्र्यावर पंख्यासारखी पसरलेली काळी रेघ होती. आत हवा कुठून शिरते, ते धुळीनेच काढून दाखवलं होतं. मी खिशातून ग्लँड काढला, मिस्त्रींनी स्पॅनर. मग दाराच्या गॅस्केटमध्ये वर्तमानपत्राचा कागद अडकवून दार लावलं आणि कागद ओढून पाहिला. तीन कोपऱ्यांत फाटला, चौथ्यात अलगद निघाला. बिजागरीपाशी दार थोडं उतरलं होतं, ते आवळलं आणि चौथ्या कोपऱ्यातही कागद फाटेपर्यंत ओढून पाहिला.