लांब चित्रफितीला प्रकरणे कशी जोडावीत?

सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवरील ३८ मिनिटांची चित्रफीत यूट्यूबवर आहे. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी ती उघडणाऱ्या शेतकऱ्यास बहुधा एवढेच पाहावयाचे असते, की रायझोबियम कधी व कसे लावावे. तो भाग नेमक्या कोणत्या मिनिटाला आहे, हे कळले नाही तर तो अंदाजाने पुढे-मागे सरकवत राहतो व कंटाळून बंद करतो. चित्रफितीच्या Description रकान्यात वेळांची यादी लिहिली, तर यूट्यूब त्यावरून प्रगतिपट्टीचे भाग पाडते आणि प्रत्येक भागास नाव देते. यालाच प्रकरणे म्हणतात.

```
00:00 या चित्रफितीत काय आहे
01:05 १०० बियांची उगवण चाचणी
12:40 बीजप्रक्रियेचा क्रम
18:10 आधी बुरशीनाशक
24:35 नंतर कीटकनाशक
29:20 शेवटी रायझोबियम
```

पहिली वेळ 00:00 असलीच पाहिजे. यादी चढत्या क्रमाने, किमान तीन वेळांची हवी आणि कोणतेही प्रकरण १० सेकंदांहून लहान नसावे. यातील एक अट चुकली, तरी पट्टीचे भाग पडत नाहीत. वेळा निळ्या दिसतात, त्यांवर टिचकी मारल्यास चित्रफीत पुढेही जाते. म्हणून चूक सहज ध्यानात येत नाही. पट्टीवर लहान फटी दिसतात का, हेच पाहावे. वेळा इंग्रजी अंकांतच लिहाव्यात; चित्रफीत तासाहून लांब असल्यास 1:02:15 असे लिहावे.

वेळ टिपताना वक्त्याचे वाक्य जेथे सुरू होते, त्याच्या एक-दोन सेकंद आधीची घ्यावी. मोबाईलवर लांब नाव तुटते. त्यामुळे महत्त्वाचा शब्द आरंभीच यावा. वरील यादीत ‘आधी’, ‘नंतर’, ‘शेवटी’ हे शब्द मुद्दाम नावांत आणले आहेत. प्रकरणे पाडली की प्रेक्षक मधला भाग वगळणारच! रायझोबियम हे जिवंत जिवाणूंचे संवर्धन असल्याने रासायनिक औषधांनंतर, पेरणीच्या अगदी आधी लावतात आणि बियाणे सावलीत सुकवतात. हा इशारा केवळ 12:40 च्या प्रकरणात असेल, तर थेट 29:20 वर उतरलेल्यास तो ऐकूच येणार नाही. तो तेथे बोलून पुन्हा सांगितलेला असावा; नसल्यास निदान नावात तरी यावा.

पुढे चित्रफितीचा आरंभीचा ४० सेकंदांचा भाग कापला, तर 00:00 वगळता प्रत्येक वेळ ४० सेकंदांनी मागे आणावी लागते: 29:20 चे 28:40 होते. यादी आपोआप बदलत नाही. संपादनानंतर प्रत्येक वेळेवर टिचकी मारून पहिले वाक्य ऐकावे.

गावाच्या व्हॉट्सॲप गटात एकच भाग पाठवायचा असल्यास संगणकावर Share दाबून Start at समोरील चौकटीत 28:40 भरावे. दुव्याच्या शेवटी t=1720 येते; २८ मिनिटे ४० सेकंदांचे ते सेकंदांतील रूप होय.