बाळ लहान, डोस मोठा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किंवा हृदयविकारात पोटावर ‘रक्त पातळ करायचं इंजेक्शन’ देतात, ते बऱ्याचदा एनॉक्झापॅरिन असतं. पायातल्या शिरेत गुठळी झाली असेल तर मोठ्या माणसाला दर बारा तासांनी किलोमागे १ मिलीग्रॅम देतात. दोन महिन्यांहून मोठ्या मुलाची सुरुवातही एवढ्यावरच होते. त्याहून लहान तान्ह्या बाळाला मात्र किलोमागे दीड मिलीग्रॅम लागतं. आईबापांना हे उलटंच वाटतं, आणि त्यांचं काही चुकत नाही.

याचं एक कारण असं, की हे औषध स्वतः फारसं काही करत नाही. रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन असतं. गुठळी घडवणाऱ्या ‘टेन-ए’ या घटकाला तेच रोखतं आणि एनॉक्झापॅरिन त्याला जोर देतं. नवजात बाळात हे प्रथिन मोठ्या माणसाच्या साधारण निम्मंच असतं; ते पुरतं भरून यायला काही महिने जातात. शिवाय बाळाच्या अंगात वजनाच्या मानाने पाणी जास्त, त्यामुळे औषध अधिक पसरतं आणि रक्तातून लवकर निघूनही जातं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना तर कधी किलोमागे २ मिलीग्रॅमपर्यंत जावं लागतं.

म्हणूनच नुसत्या वजनावर विसंबून चालत नाही. इंजेक्शन दिल्यावर चार ते सहा तासांनी रक्त घेऊन ‘अँटी-टेन-ए’ पातळी बघतात. उपचारासाठी ती मिलिलिटरमागे ०.५ ते १ युनिट असावी. हे आकडे मुळात मोठ्यांच्या उपचारातून आले आहेत. बाळाची पातळी त्यात बसली म्हणजे गुठळी विरघळेलच, असा पुरावा पक्का नाही; पण अंदाजापेक्षा ते बरे.

समजा, बारा दिवसांचं ३.२ किलोचं बाळ आहे. मांडीच्या शिरेत सेंट्रल लाइन होती आणि तिथेच गुठळी झाली. तान्ह्यांत गुठळीचं नेहमीचं कारण हेच. दीडच्या हिशेबाने डोस ४.८ मिलीग्रॅम. दुसऱ्या डोसनंतर चार तासांनी पातळी येते ०.३१. ती ०.३५च्याही खाली, म्हणून डोस पाव हिश्शाने वाढवून ६ मिलीग्रॅम करतात, आणि पुढची तपासणी ०.५८ येते. म्हणजे या बाळाला किलोमागे जवळजवळ १.९ मिलीग्रॅम लागलं.

आता हे ६ मिलीग्रॅम मोजायचे कसे? बाजारातल्या भरलेल्या सिरिंजमध्ये मिलिलिटरला १०० मिलीग्रॅम औषध असतं. म्हणजे बाळाला हवं ०.०६ मिलिलिटर, एका थेंबाएवढं. एवढ्यात हात जरा चुकला तरी डोस कुठल्या कुठे जातो. त्यामुळे अनेक ठिकाणी सलाइन घालून ते मिलिलिटरला २० मिलीग्रॅम असं पातळ करतात, की ०.३ मिलिलिटर नीट मोजता येतं. यातच मोठा धोकाही आहे: पातळ केलेल्याचा ०.३ हा आकडा मूळ औषधाला लावला, तर ६ऐवजी ३० मिलीग्रॅम जातात. आणि अनेक डोसांच्या बाटलीतलं औषध नवजाताला देऊ नये; त्यात टिकवण्यासाठी घातलेलं बेंझाइल अल्कोहोल तान्ह्यांना विषारी ठरू शकतं.

तपासणीही फसवते. हेपरिनने धुतलेल्या लाइनमधून रक्त काढलं तर पातळी खोटी जास्त दिसते. मग कोणी डोस कमी करतं आणि बाळ गुठळीपुढे उघडं पडतं. उशिरा नमुना घेतला तर उलट होतं: पातळी कमी दिसते आणि विनाकारण डोस वाढतो. म्हणून आकडा विचित्र आला, तर औषधाला हात लावण्याआधी इंजेक्शन किती वाजता दिलं आणि रक्त कुठून, किती वाजता काढलं, हे विचारावं. मूत्रपिंड मंदावलं असेल तर मात्र औषध खरोखरच साचतं, आणि तेव्हा रक्तस्रावाची भीती खरी असते.

एकदा डोस बसला म्हणून काम संपत नाही. दोन महिन्यांत बाळाचं वजन ५ किलोवर जातं, त्यामुळे तोच डोस किलोमागे १.२ मिलीग्रॅमवर येतो. याच काळात बाळाची किलोमागची गरजही कमी होत जाते. या दोन्हींचा मेळ आपोआप बसेल असं गृहीत धरता येत नाही; वजन आणि पातळी पुन्हा पुन्हा पाहावीच लागते.

डिस्चार्ज घेऊन बाळ घरी येणार असेल आणि इंजेक्शन तुम्हालाच द्यायचं असेल, तर कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: डोस किती मिलीग्रॅम, किती मिलिलिटर, आणि एका मिलिलिटरमध्ये औषध किती. नवी सिरिंज किंवा बाटली वेगळी दिसली, तर इंजेक्शन देण्याआधी रुग्णालयात फोन करा. शौचात किंवा उलटीत रक्त, टोचल्या जागी वाढती सूज किंवा बाळाची सुस्ती दिसली, तर पुढच्या डोसची वाट पाहू नका, लगेच बाळाला घेऊन निघा.