डब्यातले पाच सागरगोटे

रात्री नातीला सांगायची आमची ठरलेली गोष्ट अशी. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी आलेली मुलगी भर दुपारी आजीचा जुना डबा उघडते. आत पत्ते, कवड्या आणि पाच सागरगोटे. "आजी, हेच खेळू या," ती म्हणते.

सागरगोटा म्हणजे एका काटेरी वेलीची राखाडी, गुळगुळीत, टणक बी. आजी एक बी फरशीवर खसाखसा घासते आणि हळूच नातीच्या हाताला टेकवते. चटका! मग डाव सुरू.

पाचही जमिनीवर टाकायचे. एक उचलून वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत दुसरा उचलायचा आणि त्याच हाताने उडवलेला झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. उचलताना शेजारचा हलला की डाव गेला.

मुलगी जोरात उडवते, नजर छताकडे जाते आणि हात चाचपडत राहतो. "डोळ्यांच्या उंचीएवढाच उडव गं," आजी सांगते. दोन-दोनच्या डावात मात्र सगळी करामत टाकण्यात असते. हात जमिनीजवळ नेऊन अलगद टाकले तर गोटे जवळ राहतात, उंचावरून टाकले तर घरभर पळतात.

इथे मी आवाज हळू करते. गोष्टीतली मुलगी चार गोटे मुठीत घेते, पाचवा अजून हवेत असतो आणि माझ्या कुशीतली झोपलेली असते.