सही साहेबांची, वाक्यं कुणाची?

साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या नावाने छापायचा लेख दुसऱ्याने लिहिला असेल, तर संपादकाने आधी अध्यक्षांची दोन-तीन भाषणं ऐकावीत. समजा, मसुद्यात आहे: ‘ऊसदराच्या अनिश्चिततेमुळे उत्पादकांमध्ये नैराश्याची भावना निर्माण झाली आहे.’ अध्यक्ष ‘उत्पादक’ म्हणत नाहीत, ‘शेतकरी’ म्हणतात. छोटं वाक्य बोलतात आणि लगेच प्रश्न टाकतात. मग ते असं होतं: ‘उसाला दर काय मिळणार, कुणालाच ठाऊक नाही. शेतकऱ्यानं लागण करायची कशाच्या जोरावर?’ त्यांचं प्रत्येक ‘काय आहे ना’ कागदावर आणलं तर मात्र नक्कल वाटते, एखादंच पुरे. शेवटी लेख त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा. अडखळले, की ते वाक्य बहुधा लेखनिकाचं. मतं आणि आकडे त्यांना विचारल्याशिवाय बदलू नयेत.