सात तुकड्यांची पिशवी

टेट्रिसमध्ये चार ओळी एका फटक्यात पुसायच्या असतील, तर चार चौकोनांची सरळ दांडीच हवी. बाकीच्या सहा आकारांपैकी एकही तीन ओळींपेक्षा उंच होत नाही. म्हणून खेळणारे कडेला एका चौकोनाएवढी उभी फट मोकळी ठेवतात, शेजारी रास चढवत नेतात आणि दांडीची वाट पाहतात. ही वाट किती लांबू शकते, ते खेळाच्या आतली तुकडा निवडण्याची पद्धत ठरवते.

अगदी सरळ पद्धत म्हणजे दर वेळी सातांपैकी कुठलाही एक आकार काढायचा, मागे काय आलं याची पर्वा करायची नाही. हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण अशा निवडीला स्मरणशक्ती नसते. बराच वेळ दांडी आली नाही म्हणून पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही, ती सातात एक एवढीच राहते. हिशेब केला तर दर शंभर प्रतीक्षांमध्ये साधारण तेरांत दोन दांड्यांच्या मध्ये तेरा किंवा जास्त तुकडे जातात, आणि एखादीत तर तीस. तोवर रास छताला भिडलेली असते. खेळाडूचं काही चुकलेलं नसतं, तरी तो हरतो. १९८९च्या निन्टेंडो टेट्रिसमध्ये लागोपाठ तोच तुकडा आला तर एकदा फेरनिवड होई, त्यामुळे सलग सारखे तुकडे कमी झाले. दांडीचा दुष्काळ मात्र त्याने हटला नाही.

यावरचा उपाय म्हणजे पिशवी. अधिकृत टेट्रिसमध्ये २००१च्या ‘टेट्रिस वर्ल्ड्स’च्या सुमारास तो रुळला. हाऊजीत एकदा पुकारलेला आकडा त्या डावात परत येत नाही, तसंच इथे. सातही आकार एकेकदा पिशवीत टाकायचे, पिसायचे आणि एकामागून एक बाहेर काढायचे. पिशवी रिकामी झाली की पुन्हा सातही भरायचे. नशीब राहतंच, पण ते फक्त क्रमापुरतं.

एक उदाहरण पाहू. आकारांना त्यांच्या अक्षरांवरून नावं आहेत, दांडी म्हणजे आय. पहिली पिशवी निघाली: आय, टी, एस, जे, ओ, एल, झेड. दुसरी: एस, एल, झेड, जे, टी, ओ, आय. दांडी पहिल्या पिशवीत सर्वांत आधी आणि दुसरीत सर्वांत शेवटी आली. मध्ये सहा आणि सहा, बारा तुकडे गेले. याहून वाईट काही होऊच शकत नाही. एस आणि झेड हे वाकडे तुकडेही असेच आवरले जातात. सलग एस-झेडच येत राहिले तर उत्तमातला उत्तम खेळाडूही शेवटी हरणारच, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. पिशवीत मात्र असे सलग चारच येऊ शकतात, तेही दोन पिशव्यांच्या सांध्यावर.

याची किंमतही मोजावी लागते, ती म्हणजे अंदाज बांधता येणं. वरच्या पहिल्या पिशवीतले पाच तुकडे पाहिले की एल आणि झेड उरले हे कळतं, आणि सहावा आला की सातव्याबद्दल शंकाच नाही. तरबेज खेळाडू ही मोजणी करत खेळतात आणि डावाची सुरुवात पाठ केलेल्या मांडण्यांनी करतात. जपानच्या ‘टेट्रिस द ग्रँड मास्टर’ने १९९८मध्ये वेगळी वाट धरली होती. त्यात शेवटचे चार तुकडे लक्षात ठेवले जातात, नवा तुकडा त्यांतलाच निघाला तर पुन्हा निवड होते, पण ठरावीक वेळाच. त्यामुळे आडाखे बांधणं अवघड होतं, पण दांडी अमुक तुकड्यांत येईलच याची हमी नसते. मला पिशवीच पटते, कारण हरल्यावर दोष कुठे झाला ते राशीत दिसतं.

पिसण्याची क्रियाही काळजीपूर्वक लिहावी लागते. शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करून प्रत्येकाची अदलाबदल स्वतःशी किंवा त्याच्या आधीच्या एखाद्याशी करायची, ही योग्य रीत. नवखे प्रोग्रॅमर प्रत्येक वेळी सातांपैकी कुठल्याही जागेशी अदलाबदल करतात. तसे ८,२३,५४३ मार्ग होतात आणि क्रम आहेत ५,०४०. भागाकार नेमका जात नाही, म्हणून काही क्रम इतरांपेक्षा जास्त वेळा येतात.

तुमच्या फोनवरच्या खेळात पिशवी आहे का, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं. डाव सुरू झाल्यापासून तुकडे लिहा आणि सात-सातांचे गट पाडा. पूर्ण यादृच्छिक निवडीत एका गटात सातही आकार वेगळे येण्याची शक्यता हजारात सहा इतकीच असते. लागोपाठ तीन गट तसे भरले, तर आत पिशवी आहे असं खुशाल समजावं.